उत्तराची अपेक्षा नसलेले पत्र

चिंतेच्या त्रासामुळे माणसांत मिसळणे सोडून दिलेल्या व्यक्तीला मित्राने किंवा मैत्रिणीने लिहिलेले पत्र हे सोबत देण्याचे एक सौम्य साधन आहे. ते उपयोगी पडते की त्रासाचे ठरते, हे पत्रातल्या मजकुराइतकेच पत्र काय मागते यावर अवलंबून असते. असे पत्र कसे लिहावे हे समजण्यासाठी आधी ती व्यक्ती दूर का जाते, हे पाहावे लागते.

चिंताविकारातली माघार बहुधा एखाद्या तीव्र अनुभवापासून सुरू होते. गर्दीत, बसमध्ये किंवा मीटिंगमध्ये अचानक छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आता आपण कोसळणार किंवा मरणार असे वाटते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीराची धोक्याची यंत्रणा खरा धोका नसताना चालू होते. काही मिनिटांत त्रास शिगेला पोहोचतो आणि मग हळूहळू ओसरतो. पण ज्याला तो होतो त्याला ओसरण्यापेक्षा सुरुवातच लक्षात राहते. पुढच्या वेळी तशाच ठिकाणी जायची वेळ आली की पोटात गोळा येतो. जाणे रद्द केले की लगेच हायसे वाटते. हे हायसे वाटणेच पुढच्या अडचणीचे मूळ असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. हॉबर्ट मॉवरर यांनी १९४०च्या दशकात या प्रक्रियेचे दोन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात माणूस एखाद्या जागेला किंवा प्रसंगाला भ्यायला शिकतो. दुसऱ्या टप्प्यात तो प्रसंग टाळल्याने सुटका वाटते आणि त्या सुटकेमुळे टाळण्याची सवय पक्की होते. टाळल्यामुळे ‘गेलो असतो तरी काही झाले नसते’ हे अनुभवायची संधीच मिळत नाही, म्हणून भीती जशीच्या तशी राहते. आधी लग्नसमारंभ सुटतात, मग बाजार, मग ऑफिस आणि शेवटी फोन उचलणेही जड जाते.

या टप्प्यावर मूळ भीतीच्या जोडीला दुसरी एक गोष्ट येते, ती म्हणजे लाज. मित्राच्या मेसेजला आठ दिवस उत्तर दिले नाही, तर नवव्या दिवशी उत्तर देताना उशिराचे कारणही द्यावे लागते. दोन महिने गेले की ते कारण आणखी मोठे असावे लागते. न दिलेल्या उत्तरांवर जणू सावकारी व्याज चढत जाते आणि एके दिवशी ते फेडण्याचा विचारच सोडून दिला जातो. दुसऱ्या बाजूचा मित्र मात्र वेगळाच अर्थ काढतो. आपले काही चुकले असेल, किंवा आता तिला आपली गरज उरली नसेल, असे त्याला वाटते. तोही फोन करणे थांबवतो. भांडण न होता मैत्री तुटते ती अशी.

पत्राचा खरा उपयोग या ठिकाणी होतो. फोन वाजला की उचलायचा की नाही हे त्याच क्षणी ठरवावे लागते आणि न उचलणे हेही एक उत्तरच होते. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा दिसतात. वाचले आहे हे समोरच्याला कळले या जाणिवेनेच अनेकांना मेसेज उघडवत नाही. दारात अचानक येऊन उभे राहणे तर सर्वांत अवघड, कारण त्यात तयारीला वेळच मिळत नाही. टपालाने आलेले पत्र मात्र टेबलावर पडून राहू शकते. ते आज वाचावे, चार दिवसांनी वाचावे किंवा अर्धे वाचून ठेवून द्यावे; पाठवणाऱ्याला त्यातले काहीच कळत नाही.

टपालाचा प्रकारही विचारपूर्वक निवडावा लागतो. पोस्टकार्ड घरातल्या कोणाच्याही नजरेला पडते, म्हणून ते टाळावे. आंतरदेशीय पत्र किंवा बंद पाकीट बरे. स्पीड पोस्ट किंवा कुरिअर नको, कारण त्यासाठी दार उघडून सही करावी लागते आणि जी व्यक्ती बेल वाजली तरी दचकते तिच्यासाठी तेवढेही खूप असते. शिवाय एकत्र कुटुंबात पत्र दुसरे कोणी उघडण्याची शक्यता असते. त्यामुळे घरच्यांना ठाऊक नसलेली कोणतीही गोष्ट त्यात लिहू नये.

काही न मागणाऱ्या पत्रांचा परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासला गेला आहे, पण चिंताविकाराच्या नव्हे, त्याहून गंभीर परिस्थितीच्या संदर्भात. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचा अभ्यास केला. त्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने पाडले. एका गटाला पाच वर्षे छोटी पत्रे गेली. पहिले चार महिने दर महिन्याला, नंतरचे आठ महिने दोन महिन्यांनी आणि पुढची चार वर्षे तीन महिन्यांनी. पत्रात औषध घेतले का, डॉक्टरकडे गेलात का, असे काही विचारलेले नसे. तुमची आठवण आहे, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटल्यास लिहा, एवढाच आशय. पत्रे मिळालेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्येचे प्रमाण लक्षणीय कमी होते. २००१ साली या अभ्यासाचे संपूर्ण निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नंतर इतर देशांत झालेल्या अशाच प्रयोगांचे निकाल संमिश्र आहेत, आणि चिंतेमुळे घरात बसलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पण पत्र कसे असावे याचा नमुना त्यातून मिळतो. ते छोटे असावे, नियमित यावे आणि त्यात कसलीही मागणी नसावी.

मित्राच्या पत्रात हे कसे उतरते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. सांगलीतल्या दोन मैत्रिणी आहेत. एकीला चुलत बहिणीच्या लग्नात, भर पंगतीत पॅनिक अटॅक आला. तिने आधी समारंभ टाळले, मग नोकरीवर रजा टाकली, आता ती फोनही घेत नाही. पूर्वी दोघी मिळून रविवारी आमराईत फिरायला जात. पाच महिन्यांनी दुसरीने लिहिलेले पत्र असे असू शकते:

“प्रिय …,

या पत्राला उत्तर लिहायचं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे निवांत वाचशील.

गेल्या काही महिन्यांत मी केलेले फोन आणि मेसेज यांचंही काही देणं राहिलेलं नाही. मी ते मोजत बसलेले नाही.

लग्नात तुला त्रास झाला तेव्हा मी शेजारीच होते. तो खरा होता आणि फार होता, एवढं मला दिसलं. त्यानंतर तुझं काय चाललंय ते मला ठाऊक नाही आणि तू सांगितल्याशिवाय मी अंदाजही बांधणार नाही.

इकडचं सांगायचं तर आईनं मेतकूट केलंय. तुझ्या वाटचं बरणीत भरून ठेवलंय. ते टिकतं, घाई नाही. आमच्या गल्लीतल्या त्या काळ्या कुत्रीला चार पिल्लं झालीत आणि सगळीच्या सगळी आमच्याच जिन्याखाली मुक्कामाला आहेत.

मी अजून दर रविवारी सकाळी साडेसहाला आमराईत जाते. फाटकापासून सुरुवात करते आणि सातला परत निघते. त्या वेळी फारसं कोणी नसतं. वाटलं तर ये. कळवायची गरज नाही. पाच मिनिटं चालून परत गेलीस तरी चालेल, काही बोलली नाहीस तरी चालेल. नाही आलीस तर मी नेहमीसारखी चालून घरी जाईन.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा लिहीन.

तुझी …”

पत्रातले पहिलेच वाक्य उत्तराची जबाबदारी काढून घेते. चिंतेने पछाडलेली व्यक्ती पत्र हातात घेतल्या घेतल्या ‘आता याला काय लिहू’ या विचारात अडकते आणि पुढचा मजकूर तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून ही सूट शेवटी न देता सुरुवातीलाच द्यायची असते. दुसरा परिच्छेद मागची थकबाकी मिटवतो. त्यात ‘मी तुला माफ केले’ असे म्हटलेले नाही, कारण माफीत अपराध गृहीत धरलेला असतो.

तिसऱ्या परिच्छेदात त्रास खरा असल्याची साक्ष आहे. पॅनिक अटॅक आलेल्या माणसाला ‘तुला काही झालेले नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे इतक्यांदा ऐकावे लागते की आपण ढोंग करतो असा लोकांचा समज आहे, असे त्याला वाटू लागते. पाहणाऱ्याने ‘मला दिसले’ म्हणणे म्हणूनच मोलाचे असते. त्याच वेळी पत्र आजाराचे नाव घेत नाही, कारण शोधत नाही आणि ‘मला सगळे समजते’ असा दावा करत नाही. मैत्रिणीला जेवढे ठाऊक आहे तेवढेच ती लिहिते.

मेतकूट आणि पिल्ले यांची बातमी वरवर पाहता बिनमहत्त्वाची आहे, पण पत्राचा जीव तिथे आहे. महिनोन्‌महिने ज्या माणसाशी घरचे, डॉक्टर आणि नातेवाईक फक्त तब्येतीबद्दलच बोलतात, त्याला आजाराशी काहीही संबंध नसलेले चार शब्द हवे असतात. बातमी निवडताना मात्र एक काळजी घ्यावी. मैत्रिणींची सहल किती छान झाली, सगळ्या कशा तिची आठवण काढत होत्या, हे लिहिले की ती आपण काय गमावले याची यादी होते. गल्लीतली कुत्री आणि बरणीतले मेतकूट असे काही हिशोब मांडत नाहीत.

आमंत्रणाचा परिच्छेद सर्वांत नाजूक आहे. त्यात जागा, वेळ आणि संपण्याची वेळ, तिन्ही सांगितलेले आहेत. अनिश्चितता जितकी कमी, तितकी आधीची धास्ती कमी. मधूनच परत जाण्याची मोकळीक आधीच दिलेली आहे. येणार की नाही हे कळवायचे नाही, त्यामुळे ‘हो’ म्हणून आयत्या वेळी न जाण्याची नामुष्की उरत नाही. आणि मैत्रीण फिरायला जाणारच आहे, म्हणून न येण्याने कोणाचा रविवार वाया जात नाही. हे वाक्य खरे मात्र असले पाहिजे. लिहिणारी प्रत्यक्षात फिरायला जात नसेल, फाटकाशी उभी राहून वाट पाहणार असेल, तर ते आमंत्रण मनावरचे ओझेच ठरते.

इथे एक रास्त शंका येते. टाळण्यानेच आजार वाढत असेल, तर इतकी मोकळीक देणे म्हणजे टाळण्याला हातभार लावणे नव्हे का? या प्रश्नावर येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलाय लेबोविट्झ यांचे काम उपयोगी आहे. चिंताग्रस्त मुलांच्या पालकांसाठी त्यांनी उपचारपद्धती विकसित केली. मुलाच्या वतीने बोलणे, त्याला भीती वाटेल ते प्रसंग घरच्यांनीच दूर करणे, यामुळे भीती टिकून राहते, असे ही पद्धत सांगते. पालकांनी त्रास मान्य करावा, तो सोसण्याची ताकद मुलात आहे असा विश्वास दाखवावा आणि स्वतःची मदत टप्प्याटप्प्याने कमी करावी, असे तिचे सूत्र आहे. मैत्रिणीच्या पत्रालाही ही मर्यादा लागू होते. ती किराणा आणून देऊ लागली, ऑफिसात खोटी कारणे सांगू लागली, तर ती टाळण्यातली भागीदार होते. पत्रात तसे काही नाही. दाबाला जागा नाही, पण आमंत्रण आहे आणि दर रविवारी ते कायम आहे. बाहेर पडण्याचे पाऊल तिचे तिनेच उचलायचे आहे.

पत्र बिघडते ते बहुधा प्रेमाच्याच भरात. ‘तुझ्या काळजीने मला झोप लागत नाही’ हे वाक्य मनापासून आलेले असते, पण वाचणारीवर लिहिणारीला बरे वाटवण्याची जबाबदारी येऊन पडते. ‘सगळे तुझी वाट बघताहेत’ म्हटले की पुनरागमनाचा एक मोठा प्रसंग उभा राहतो आणि जी व्यक्ती लोकांच्या नजरांना भिते तिला तोच नको असतो. ‘एवढे काय घाबरायचे, मन खंबीर कर’ यात त्रासाची सारी जबाबदारी तिच्यावर टाकलेली असते. प्राणायाम, पुस्तके, ओळखीच्या डॉक्टरांचे नंबर अशी सल्ल्यांची रांग लागली की पत्राचे नोटिशीत रूपांतर होते. सर्वांत जास्त नुकसान मात्र पत्रानंतरच्या कृतीने होते. ‘उत्तर नको’ असे लिहून चौथ्या दिवशी ‘पत्र मिळाले का?’ असा मेसेज केला, की आधीचा प्रत्येक शब्द खोटा पडतो.

एखाद्या रविवारी ती खरोखरच फाटकाशी आली, तर त्या अर्ध्या तासाचे वागणे पत्रासारखेच असावे. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे समोरासमोर बसून चहा घेण्यापेक्षा चालणे सोपे जाते. ‘अगं, किती दिवसांनी!’ असा गलका नको आणि ‘बघ, जमले की नाही!’ अशी शाबासकीही नको; त्यामुळे पुढच्या वेळी जमायलाच हवे असे होऊन बसते. वाटेत तिला धडधड सुरू झालीच, तर घाईने रिक्षा शोधू नये. बाकावर बसावे, जवळ थांबावे आणि हे ओसरेल एवढे शांतपणे सांगावे. पुढे चालायचे की परत फिरायचे, हे तिला विचारावे. त्रास त्याच जागी ओसरताना अनुभवता आला, तर तिथे पुन्हा येणे थोडे सोपे होते. ठरलेल्या वेळी, सातला, निरोप घ्यावा. गप्पा रंगल्या म्हणून थांबवून ठेवू नये.

पत्र म्हणजे उपचार नव्हे. पॅनिक अटॅक आणि सामाजिक भीती यांवर विचार आणि वर्तन यांत बदल घडवणारी उपचारपद्धती आहे. तिला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. साधारण १२ ते १६ भेटींत तज्ज्ञ व्यक्तीला टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत नेतो. गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. थायरॉइड वाढल्यानेही धडधड आणि घाबरेपणा येऊ शकतो, म्हणून आधी साध्या डॉक्टरची तपासणी आवश्यक असते. मैत्रिणीने हे सारे पहिल्या पत्रात लिहायचे नसते. तिने स्वतःहून त्रासाबद्दल लिहिले किंवा बोलली, तर ‘डॉक्टरकडे जायचे असेल तर मी बरोबर येते, बाहेर बसून राहीन’ एवढे म्हणणे पुरते.

काही वेळा मात्र पत्र लिहून वाट पाहणे चुकीचे असते. तिने खाणे-झोपणे सोडले आहे, आंघोळ करत नाही, झोपेच्या गोळ्या किंवा दारू वाढली आहे, ‘मी सगळ्यांवर भार आहे’ किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलते आहे, असे कानावर आले तर लगेच घरच्यांशी बोलावे आणि प्रत्यक्ष भेटावे. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी तिला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. मदत करणाऱ्या मैत्रिणीलाही तिथे सल्ला विचारता येतो.

असा धोका नसेल, तर पत्रे चालू ठेवणे एवढेच काम उरते आणि अनेकांचे तेच राहून जाते. पहिल्या पत्राला उत्तर येत नाही, दुसऱ्यालाही येत नाही आणि लिहिणारीला वाटते की उपयोग नाही. उत्तर न येणे म्हणजे पत्र नकोसे असणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. पत्रात उत्तर मागितलेलेच नव्हते. तिने ‘लिहू नकोस’ असे कळवले, तर मात्र थांबावे. एरवी महिन्याला एक पत्र पुरे. दर आठवड्याला लिहिले की त्याचा तगादा होतो आणि सहा महिन्यांची खंडित शांतता पडली की पुन्हा सोडून दिल्याची भावना येते. पुढची पत्रे पहिल्यापेक्षा लहान असली तरी चालतात. चार ओळींची बातमी आणि रविवारची तीच वेळ.

म्हणून असे पत्र लिहायला घेण्यापूर्वी स्वतःला एकच गोष्ट विचारावी, ती म्हणजे वर्षभर उत्तर आले नाही तरी आपण लिहू का. लिहू शकत असाल, तर ‘पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन’ हे वाक्य जरूर घाला आणि ते पाळा. शक्य नसेल, तर ते वाक्य गाळून पत्र पाठवा. न दिलेले वचन कोणाला दुखावत नाही. दिलेले आणि मोडलेले वचन या आजारात फार लागते.